कांदा-लसूण मसाल्याची लाल पुडी : वेष्टनाचे साहित्य बदलताना ओळख कशी टिकवावी?

कोयनाकाठ

नमस्कार. सातारा जिल्ह्यात आमचा कांदा-लसूण मसाल्याचा घरचा व्यवसाय आहे. वडिलांनी १९९४ साली तो सुरू केला आणि आज आमची २०० ग्रॅमची लाल पुडी सातारा, सांगली आणि कोल्हापूर या भागांतील किराणा दुकानांत जाते. गिऱ्हाईक आमचे नाव क्वचितच घेते. ते ‘ती लाल चकाकणारी पुडी द्या’ असे म्हणते आणि दुकानदाराला तेवढे पुरते.

पुडीचे सध्याचे लॅमिनेट तीन थरांचे आहे : बाहेर १२ मायक्रॉन पॉलिएस्टर, मध्ये १२ मायक्रॉन मेटलाइज्ड, म्हणजे चंदेरी मुलामा दिलेले पॉलिएस्टर आणि आत ६० मायक्रॉन पॉली, म्हणजे पॉलिथिलीन. हे थर एकमेकांपासून सुटत नाहीत, त्यामुळे त्यावर पुनर्प्रक्रिया जवळजवळ होत नाही. म्हणून आम्ही एकाच जातीच्या प्लास्टिकवर जायचे ठरवले. फिल्म छापून लॅमिनेट करून देणाऱ्या कन्व्हर्टरने सुचवल्याप्रमाणे पूर्ण पॉलीचे, चंदेरी थर नसलेले लॅमिनेट घेतले आणि जुन्याच सिलिंडरांवर पाचशे किलो छापून घेतले. चित्र, अक्षरे आणि शाईचा क्रमांक यांत काहीही बदल केला नव्हता. तरीही लाल रंग विटकरी आणि मेलेला दिसू लागला, आणि पुडी मांडणीवर ठेवली की खांदे पाडून बसते. तीन दुकानांत माल ठेवला, तर आठवडाभरातच तिन्हीकडून एकच प्रश्न आला : ‘हा डुप्लिकेट माल आहे का?’

मसाल्याचा हंगाम मार्चमध्ये सुरू होतो. साहित्य तर बदलायचेच आहे, पण ओळख गमावून नव्हे. ज्यांनी हे केले आहे त्यांनी मार्गदर्शन करावे.

कागदप्रेमी

आपल्या प्रयत्नाबद्दल मनापासून आनंद वाटला. माझे मत असे की प्लास्टिकच्या एका जातीवरून दुसरीवर जाण्यापेक्षा थेट क्राफ्ट कागदाची पुडी करावी. आतून पातळ प्लास्टिकचा लेप दिला की तेल बाहेर येणार नाही, आणि कागद असल्यामुळे प्लास्टिकच्या नियमांतूनही सुटका होईल. ओळख नाव आणि बोधचिन्ह यांत असते, ती दोन्ही तशीच ठेवली की झाले. स्प्राइटने २०२२ मध्ये अमेरिकेत आपली हिरवी बाटली सोडून पारदर्शक बाटली आणली, कारण हिरव्या प्लास्टिकपासून पुन्हा बाटली करणे अवघड जाते. साठ वर्षांहून जुनी ओळख होती, तरी ते तरले.

वर्खी

मी बावीस वर्षे लॅमिनेशनच्या कारखान्यात काढली आहेत, म्हणून आधी कागदप्रेमी यांच्या दोन मुद्द्यांविषयी लिहितो.

प्लास्टिकचा लेप दिलेला कागद नियमांतून सुटत नाही. विस्तारित उत्पादक जबाबदारीची जी मार्गदर्शक तत्त्वे फेब्रुवारी २०२२ मध्ये आली, त्यांत प्लास्टिकच्या एका थराला प्लास्टिक नसलेला दुसरा थर जोडलेला असेल, तर ते वेष्टन तिसऱ्या, म्हणजे बहुथरी प्लास्टिकच्या वर्गात धरले जाते. कोयनाकाठ यांना ज्या गुंत्यातून बाहेर पडायचे आहे, तसाच दुसरा गुंता त्यातून तयार होईल. शिवाय कांदा-लसूण मसाल्यात तेल असते आणि लसणाचा वास फार चिवट असतो. लेप घडीवर चिरला की कागदावर तेलाचा डाग उमटतो, आणि डाग पडलेली पुडी कोणी उचलत नाही.

स्प्राइटचे उदाहरण खरे आहे, पण त्यांनी हिरवा रंग सोडला नाही. तो बाटलीतून काढला, तरी लेबलवर आणि झाकणावर ठेवला. रंगाची जागा बदलली आणि रंग टिकला, म्हणून ते उदाहरण ‘बोधचिन्ह पुरेसे आहे’ या मताच्या विरुद्ध जाते.

आता मूळ प्रश्न. कोयनाकाठ, आपल्या पुडीचा लाल रंग एकट्या शाईचा नव्हता. पॉलिएस्टरच्या आतल्या बाजूला पारदर्शक लाल शाई आहे आणि तिच्या मागे चंदेरी थर आहे. उजेड शाईतून आत जातो, चंदेरी थरावरून परततो आणि पुन्हा शाईतून बाहेर येतो, म्हणून तो लाल रंग आतून पेटल्यासारखा दिसतो. नव्या फिल्ममध्ये त्याच शाईच्या मागे पांढरी शाई आली. पांढरा रंग उजेड परत देतो, पण चहूकडे विखरून देतो. शाई तीच असली, तरी डोळ्यांपर्यंत पोहोचणारा रंग वेगळा झाला. आपल्या गिऱ्हाइकाने ‘चकाकणारी’ हा शब्द उगाच वापरलेला नाही. त्याची ओळख त्या चकाकीत आहे.

मला तीन गोष्टी कळवाव्यात. लाल रंगाच्या मागे जुन्या पुडीत कुठेही पांढरी शाई होती का? भरणीच्या मशीनचा सीलचा जबडा किती अंशांवर चालतो? आणि पुडी दुकानात टांगली जाते की उभी ठेवली जाते?

तुपाची_बरणी

माझाही प्रश्न असाच आहे. आम्ही पेणला घरगुती तूप करतो आणि प्लास्टिकच्या बरणीतून काचेच्या बरणीत गेलो. आमची बरणी पिवळ्या झाकणाने ओळखली जात असे, आता पत्र्याचे सोनेरी झाकण आले आहे. लेबल नव्याने आखून घ्यावे का? चांगला आरेखनकार कोणी सुचवाल का?

वर्खी

ताई, आपल्याला लेबलाआधी झाकणाचा विचार करावा लागेल. पत्र्याचे झाकण कोणत्याही रंगात छापून मिळते, मात्र किमान नग जास्त घ्यावे लागतात. तेवढे परवडत नसेल तर सोनेरी झाकणावर जुन्या पिवळ्या छटेची कागदी पट्टी आडवी लावावी. लेबल सध्या आहे तसेच राहू द्यावे. काचेमुळे तुपाचा स्वतःचा रंग आता दिसू लागला असेल, त्यामुळे आधीच एक बदल झालेला आहे.

किराणा_कराड

मी दुकानदार आहे, तेव्हा फिल्मचे मला फारसे कळत नाही, पण पुडी कशी ओळखली जाते ते रोज पाहतो.

आमच्याकडे मसाल्याच्या पुड्या काउंटरच्या मागे, डोक्याच्या उंचीवर टांगलेल्या असतात. वर एक ट्यूबलाइट आहे आणि दुकानाचा मागचा भाग दुपारीही अंधाराच असतो. गिऱ्हाईक दीड-दोन मीटरवरून पाहते, तेथून नाव वाचता येत नाही. ट्यूबचा उजेड पुडीच्या फुगीर भागावर एक उभी रेघ काढतो, तिच्यावरून मी स्वतः हात घालतो. कोयनाकाठ यांची नवी पुडी माझ्याकडे आली नव्हती, पण ती रेघ नसेल तर मी तरी चुकीची पुडी काढीन.

डुप्लिकेटचा संशय हलक्यात घेऊ नये. आमच्या भागात मसाला आणि चहा या दोन्हींत नकली माल येऊन गेला आहे, आणि गिऱ्हाईक त्या अनुभवाने शहाणे झाले आहे. नकली पुडीची खूण लोकांच्या मनात ठरलेली आहे : रंग थोडा फिका, पुडी थोडी पातळ, वरचे सील वाकडे. आपल्या नव्या पुडीत या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या असाव्यात.

एक जुनी आठवण सांगतो. पार्ले-जीचा पुडा मेणकागदाचा होता, तो पुढे प्लास्टिकचा झाला. तेव्हा मी वडिलांच्या दुकानात बसत असे. हाताला लागणारा स्पर्श पूर्ण बदलला, पण पिवळे-पांढरे पट्टे आणि त्यावरचे मूल जागच्या जागी राहिले, त्यामुळे आमच्याकडे कोणी शंका घेतल्याचे मला आठवत नाही. साहित्य बदलले तरी दुरून दिसणारे बदलले नव्हते.

कोयनाकाठ

वर्खी दादा, उत्तरे देतो. जुन्या पुडीत पांढरी शाई फक्त नावाच्या अक्षरांमागे आणि मागच्या बाजूच्या मजकुराच्या चौकटीत आहे, लाल भागामागे थेट चंदेरी थर आहे. जबडा १६५ अंशांवर चालतो. पुडी टांगलीही जाते आणि उभीही ठेवली जाते.

आपले वाचून जुनी आणि नवी पुडी खिडकीत शेजारी धरून पाहिली. सरळ समोरून पाहिले तर लाल रंगातला फरक थोडाच आहे. पुडी हातात तिरपी केली की जुनीच्या अंगावरून उजेड सरकतो, नवीच्या अंगावरून काहीच सरकत नाही. कन्व्हर्टरकडे गेलो तेव्हा त्याने रंगमापक यंत्र लावून ‘फरक मर्यादेत आहे’ असे सांगितले होते आणि मी ते मान्य केले होते, ही माझी चूक झाली.

वर्खी

चूक आपली नाही. साधे रंगमापक यंत्र ठरावीक कोनातून पाहते, आणि काही यंत्रे तर चकाकी वगळूनच मोजतात. पांढऱ्या पाठीवरचा लाल जुळवायला ते उत्तम आहे, पण चंदेरी पाठीवरचा लाल त्याच्यावर एकट्याने सोडू नये. अशा कामात जुन्या पुडीचे तीन नमुने दोन्ही बाजूंनी मंजूर करून ठेवावेत : एक नेमका, एक चालेल इतका फिका आणि एक चालेल इतका गडद. छपाईच्या वेळी रोलचा तुकडा ट्यूबलाइटखाली तिरपा करून या तिघांशी ताडून पाहावा.

साहित्याविषयी माझा सल्ला असा की आपण पॉलीऐवजी पूर्ण पॉलिप्रॉपिलीनचे लॅमिनेट करून पाहावे : बाहेर २० मायक्रॉन बीओपीपी, म्हणजे ताणून केलेली पॉलिप्रॉपिलीन फिल्म, मध्ये १८ मायक्रॉन मेटलाइज्ड बीओपीपी आणि आत ५० ते ६० मायक्रॉन सीपीपी, म्हणजे न ताणलेली, सील होणारी पॉलिप्रॉपिलीन फिल्म. तिन्ही थर एकाच जातीचे होतात आणि चंदेरी थर टिकतो. त्या थरातले ॲल्युमिनियम वाफेने चढवलेले असते, मायक्रॉनच्याही अगदी लहान भागाएवढे, त्यामुळे वजनात ते जवळजवळ नसतेच. मागच्या बाजूला प्लास्टिकची जात सांगणाऱ्या त्रिकोणात आज ७ हा आकडा असेल, त्याच्या जागी ५ येईल.

आता यात काय बिघडते ते सांगतो. मेटलाइज्ड बीओपीपीची चकाकी मेटलाइज्ड पॉलिएस्टरपेक्षा किंचित दुधी असते, त्यामुळे लाल रंग थोडा मऊ दिसेल. अशा वेळी छपाईवाला सवयीने शाई घट्ट करतो. तसे करू नये, कारण शाई दाट झाली की उजेड आत जाऊन परत येत नाही आणि रंग उलट मरतो. शाईत थोडे मीडियम घालून ती अधिक पारदर्शक करावी आणि लाल रंगाचा सिलिंडर लागल्यास नव्याने कोरून घ्यावा. एकच सिलिंडर बदलणे, हा खर्च सोसण्यासारखा आहे.

दुसरी गोष्ट सीलची. पॉलिएस्टर जबड्याच्या उष्णतेला दाद देत नाही, म्हणून आपला १६५ अंशांचा जबडा आजवर चालून गेला. बीओपीपी साधारण १४० अंशांच्या पुढे आकसू लागते. तोच जबडा ठेवला तर वरच्या सीलवर चुण्या पडतील, आणि किराणा_कराड यांनी सांगितलेले वाकडे सील नेमके तेच असते. आतली सीपीपी कमी उष्णतेवर सील होणाऱ्या जातीची मागावी, जबडा १२५ ते १३५ यांच्या दरम्यान आणावा आणि मशीनचा वेग सुरुवातीला कमी ठेवावा. सीलमध्ये मसाल्याची धूळ अडकली तर कमी उष्णतेवर तेथून गळती होऊ शकते. म्हणून प्रत्येक तासाला पाच पुड्या पाण्याखाली दाबून बुडबुडे येतात का ते पाहावे.

तिसरी गोष्ट ताठपणाची. पॉलिएस्टर बीओपीपीपेक्षा बरेच ताठ असते. एकूण जाडी तेवढीच ठेवली तरी पुडी मऊ पडेल आणि फुगीर भागावरची उजेडाची रेघ मोडेल. म्हणून आत ५० ऐवजी ६० मायक्रॉन घ्यावे, असे मला वाटते. थोडे प्लास्टिक वाढते हे खरे, पण ओळख त्या ताठपणावर उभी आहे.

कागदप्रेमी

नियमाबद्दलची माझी समजूत चुकीची होती, दुरुस्त केल्याबद्दल आभार. तरी एक विचारतो. बदल करायचाच आहे तर तो दिसू का देऊ नये? पुडी तशीच दिसली, तर गिऱ्हाइकाला कळणार कसे की आपण पर्यावरणासाठी काही केले आहे?

किराणा_कराड

गिऱ्हाइकाला कळावे हे बरोबर आहे, पण ते हातात घेतल्यावर कळावे. टांगलेल्या पुडीवर दुरून काहीही नवे दिसू नये. मागच्या बाजूला ‘मसाला तोच, पुडी एकाच जातीच्या प्लास्टिकची’ अशी ओळ घालावी. पुढच्या बाजूला मोठा हिरवा पट्टा आला, तर मसाला बदलला असे लोक समजतील. मसाल्याच्या बाबतीत ‘नवीन’ हा शब्द घातक आहे, लोकांना मसाला जुनाच हवा असतो.

रंगरेषा

मी वेष्टन आरेखनाचे काम करते. किराणा_कराड यांच्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. २००९ मध्ये ट्रॉपिकानाने अमेरिकेत संत्र्याच्या रसाचे खोके बदलले, संत्र्यात खुपसलेली नळी काढून तेथे रसाचा पेला छापला, आणि दोनेक महिन्यांतच विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरल्यामुळे जुने चित्र परत आणावे लागले. आतला रस तोच होता. लोकांना खोके सापडेना, किंवा सापडले तर ते दुसऱ्या कोणाचे वाटले.

मात्र सारे तसेच ठेवा, असे मी म्हणणार नाही. आधी ओळख नेमकी कशात आहे ते शोधावे. कोयनाकाठ, एक सोपी चाचणी करून पाहा. आपली पुडी आणि शेजारच्या अकरा मसाल्यांच्या पुड्या एका दोरीवर टांगा, खरेदीदाराला दोन मीटरवर उभे करा आणि पुडी शोधायला किती वेळ लागतो ते मोजा. मग नावावर कागद चिकटवून पुन्हा करा, मग चित्रावर, मग लाल भागावर. ज्याच्यावर कागद लावताच माणूस अडखळतो, ते हलवू नये. बाकीचे हलवायला आपण मोकळे आहात.

कोयनाकाठ

ही चाचणी दोन दुकानांत मिळून चोवीस जणांवर केली. नाव झाकले तर कोणालाच अडचण आली नाही, याचे मला खरोखर वाईट वाटले, कारण ती अक्षरे वडिलांनी स्वतः काढलेली आहेत. मिरचीचे चित्र झाकले तरी फारसा फरक पडला नाही. लाल भागाचा खालचा अर्धा झाकला तेव्हा काही जण थांबले. वरचा अर्धा, म्हणजे सीलच्या खालचा चकाकणारा पट्टा झाकला, तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांचा हात शेजारच्या पुडीकडे गेला. जुन्या पुडीऐवजी पॉलीची नवी पुडी टांगल्यावरही तसेच झाले.

स्वच्छतेचे_काम

मी पुण्यात कचरावेचक महिलांसोबत वर्गीकरणाच्या शेडवर काम करते. या चर्चेत त्यांची बाजू आलेली नाही, म्हणून लिहिते.

२०० ग्रॅमच्या रिकाम्या पुडीचे वजन पाच-सहा ग्रॅम भरते, म्हणजे एक किलो होण्यासाठी पावणेदोनशे पुड्या वेचाव्या लागतात, त्याही मसाला आणि तेल लागलेल्या. वेचणारी बाई त्रिकोणातला आकडा वाचत बसत नाही. चंदेरी आणि कुरकुरीत दिसले की ते तिच्या दृष्टीने विकले न जाणारे वेष्टन असते आणि ते बाजूला टाकले जाते. आपली पुडी आतून पूर्ण पॉलिप्रॉपिलीनची असली, तरी बाहेरून ती जुन्यासारखीच दिसणार, म्हणजे ती जुन्याच ढिगात जाणार. कंपनीची ओळख टिकवण्यासाठी जे केले, त्यामुळेच शेडवर पुडीची नवी ओळख पटणार नाही. शिवाय चंदेरी फिल्म आणि गडद शाई यांपासून दाणे करड्या रंगाचे निघतात, त्यांना भाव कमी मिळतो.

वर्खी

ताईंचे म्हणणे रास्त आहे आणि माझ्याकडे त्याचे पूर्ण उत्तर नाही. चंदेरी थराऐवजी हवा आणि वास अडवणाऱ्या पारदर्शक फिल्म मिळतात, पण त्या महाग आहेत, आणि चकाकी गेली की आपण पुन्हा विटकरी रंगापाशी येतो.

मधला मार्ग एक दिसतो. चाचणीत ओळख वरच्या पट्ट्यात निघाली आहे. तेव्हा पुढची बाजू आहे तशी ठेवून मागच्या बाजूचा लाल रंग काढावा आणि तेथे पांढऱ्यावर फक्त मजकूर छापावा. गडद शाई बरीच कमी होईल. पुडीची मागची बाजू दुरून कोणी पाहत नाही, पण शेडवर ती वेगळी दिसेल, आणि त्यावर ‘पीपी’ ही अक्षरे बोटभर मोठी छापता येतील.

स्वच्छतेचे_काम

मोठी अक्षरे आणि पांढरी पाठ असेल, तर निदान वेगळे काढायला सांगता येईल. मात्र विकत घेणारा कोणी असल्याखेरीज ती वेगळी काढणे म्हणजे बायकांचे फुकटचे श्रम आहेत. आपल्या कन्व्हर्टरला विचारावे की असे धुतलेले पॉलिप्रॉपिलीन घेणारा कारखाना त्याच्या माहितीत आहे का, आणि असेल तर तो काय भाव देतो.

कोयनाकाठ

दोन महिन्यांनी लिहीत आहे. बीओपीपी, मेटलाइज्ड बीओपीपी आणि ६० मायक्रॉन सीपीपी असा तीनशे किलोंचा रोल काढला. लाल रंगाचा सिलिंडर नव्याने कोरून घेतला आणि मागची बाजू पांढरी केली. पहिल्या दिवशी जबडा १४५ अंशांवर राहून गेला, तेव्हा वरच्या सीलवर बारीक चुण्या आल्या आणि त्या तीनशे-साडेतीनशे पुड्या आम्ही दुकानात पाठवल्या नाहीत. १३० अंशांवर सील सपाट येते, मात्र मिनिटाला बेचाळीसऐवजी चौतीस पुड्या निघतात.

वासाची अडचण अनपेक्षित होती. रोल उघडल्यावर शाईच्या सॉल्व्हंटचा वास येत होता. कन्व्हर्टरने सांगितले की बीओपीपी सॉल्व्हंट धरून ठेवते, म्हणून वाळवणीचा वेग कमी करून पुढचा रोल काढावा लागला. त्याचे तुकडे काचेच्या बरणीत घालून दिवसभर उन्हाने तापलेल्या पत्र्याच्या खोलीत रात्रभर ठेवले आणि सकाळी झाकण उघडून पाहिले. वास गेला होता.

दोरीवरची चाचणी पुन्हा केली. चोवीसपैकी एकवीस जणांनी नवी पुडी न अडखळता उचलली. उरलेल्या तिघांपैकी एका आजींनी पुडी हातात दाबून ‘आवाज वेगळा येतो’ असे सांगितले. त्यांचे खरे आहे, बीओपीपी अधिक कुरकुरते.

किराणा_कराड

आवाजाची सवय होईल. एक विनंती आहे. जुना आणि नवा माल एकाच पेटीत पाठवू नये. एका दोरीवर दोन्ही शेजारी आले तर ते एकवीस जणही तुलना करू लागतील. आमच्या दुकानातला जुना माल संपल्याची खात्री करून मगच नवी पेटी द्यावी, आणि ती देताना विक्रेत्याने दुकानदाराला पुडी हातात देऊन दोन वाक्ये सांगावीत. गिऱ्हाईक कंपनीला विचारत नाही, आम्हाला विचारते.

कोयनाकाठ

तसेच करतो. तालुक्याप्रमाणे बदलायचे ठरवले आहे, पहिला पाटण, कारण तेथील दुकानांत माल पंधरा दिवसांत फिरतो. नवी पुडी किती महिने वास धरून ठेवते, ते पावसाळा गेल्यावरच कळेल. जुनी आणि नवी, दोन्हींचे चाळीस-चाळीस नमुने तारीख घालून माडीवर ठेवले आहेत आणि दर महिन्याला दोन-दोन उघडणार आहोत. धुतलेले पॉलिप्रॉपिलीन घेणाऱ्याचा शोध सुरू आहे, कन्व्हर्टरने अजून नाव दिलेले नाही.